पुराव्याला पेलेल तेवढंच क्रियापद: 'सजेस्ट'पासून 'डेमॉन्स्ट्रेट'पर्यंत

प्रश्न: माझ्या पहिल्या शोधनिबंधाच्या मसुद्यात 'शोज' हा शब्द ३१ वेळा आलाय. गाइड म्हणाले, "तेच तेच वाचवत नाही, शब्द बदल." म्हणून मी 'इंडिकेट्स', 'सजेस्ट्स', 'डेमॉन्स्ट्रेट्स', 'रिव्हील्स' असे आलटून पालटून टाकले. आता सहलेखिका म्हणतात की अर्थच बदललाय. या शब्दांत कमी-जास्त खात्रीचा काही क्रम असतो का?

उत्तर: असतो, आणि तुमच्या सहलेखिकेचं म्हणणं बरोबर आहे. सगळ्यांत कमी खात्री 'सजेस्ट'मध्ये. त्याच्या वरच्या पायरीवर 'इंडिकेट', त्यावर 'शो', आणि सगळ्यांत वर 'डेमॉन्स्ट्रेट'. 'रिव्हील' या शिडीवर बसतच नाही, त्याचं काम वेगळं आहे. त्याच्याकडे पुढे येतो.

वनस्पती आणि सूक्ष्मजीवांवरचे निबंध मी बरीच वर्षं तपासतोय. आलटून पालटून टाकलेली क्रियापदं पहिल्या वाचनातच कळतात, कारण एकाच पुराव्याबद्दल लेखक दुसऱ्या पानावर साशंक असतो आणि चौथ्या पानावर ठाम. ही चूक आपल्याकडून होण्याचं एक कारण भाषेतच आहे. मराठीत आपण 'दिसून येते' आणि 'दर्शवते' या दोन शब्दांवर सगळं भागवतो. शब्दकोशात 'इंडिकेट'पुढेही 'दर्शवणे' आणि 'शो'पुढेही 'दर्शवणे', मग दोन्ही एकच वाटणार. इंग्रजी निबंध वाचणारा परीक्षक मात्र त्यांत फरक करतो.

हा फरक ओळखायची एक सोपी कसोटी मी विद्यार्थ्यांना देतो. वाक्य लिहून झालं की त्याच्या शेवटी मनातल्या मनात जोडायचं, "पण तसं नसेलही." क्रियापद 'सजेस्ट' असेल तर ही जोड सहज बसते: निष्कर्ष असं सुचवतात, पण तसं नसेलही. 'इंडिकेट'ला ती जोडता येते, पण कानाला खटकते. पुरावा एका बाजूला बराच झुकलेला असतो, तरी दार पूर्ण बंद झालेलं नसतं. 'शो' किंवा 'डेमॉन्स्ट्रेट'ला जोडून पाहिलं तर वाक्यच मोडतं. "आम्ही दाखवून दिलं, पण तसं नसेलही" असं कोणी म्हणत नाही. हे शब्द वापरले की दाव्याच्या खरेपणाची हमी लेखकाने स्वतः घेतलेली असते.

'शो' आणि 'डेमॉन्स्ट्रेट' या दोघांत हमी जवळपास सारखीच असते. फरक आहे तो ती हमी कशी कमावली याचा. 'डेमॉन्स्ट्रेट' म्हणताना तुम्ही सांगत असता की प्रयोग याच प्रश्नासाठी रचला होता आणि दुसरी सयुक्तिक स्पष्टीकरणं एकेक करून बाद केली आहेत. आकडे गोळा करता करता सहज दिसलेल्या गोष्टीला हा शब्द लावू नये.

आता तुमचे ३१ 'शोज'. मूळ मसुदा उघडा आणि फाइलमध्ये `show` शोधा, म्हणजे शब्दाची सगळी रूपं सापडतील. प्रत्येक ठिकाणी एवढंच बघा की वाक्याचा कर्ता कोण आहे. कर्ता आकृती किंवा तक्ता असेल, म्हणजे 'आकृती २ मध्ये अमुक दाखवलं आहे' असं वाक्य असेल, तर 'शो' तसाच राहू द्या. तिथे तो दावा करत नाही, फक्त बोट दाखवतो. आकृती काही 'डेमॉन्स्ट्रेट' करत नाही, आणि आकृतीने 'सजेस्ट' केलं असं लिहिलं तर वाचणारा बुचकळ्यात पडतो. कित्येकदा असं वाक्य काढूनच टाकता येतं: निरीक्षण सरळ लिहायचं आणि शेवटी कंसात आकृतीचा क्रमांक द्यायचा. बहुतेक मसुद्यांत निम्मे 'शो' याच जातीचे असतात, त्यामुळे गाइडची पुनरुक्तीची तक्रार इथेच बरीचशी मिटेल. उरलेले 'शो' निष्कर्ष सांगणारे असतात. तिथे शब्द आवडीने निवडायचा नसतो, पुरावा बघून ठरवायचा असतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. आकडे मी कल्पिलेले आहेत, प्रयोगाची रीत मात्र खरी आहे. समजा, तुम्ही रोपांच्या मुळांशी अ‍ॅझोस्पिरिलम हा जीवाणू सोडला. तीन आठवड्यांनी मुख्य मुळाला फुटलेली बाजूची मुळं मोजली. जीवाणू न दिलेल्या रोपांत सरासरी ११.४ आणि दिलेल्यांत १८.२ मुळं निघाली. कुंड्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या होत्या. ज्यांना जिवंत जीवाणू द्यायचे नव्हते त्यांना उष्णतेने मारलेले जीवाणू त्याच द्रावणातून दिले होते, म्हणजे द्रावणातल्या पोषकांचा परिणाम दोन्हीकडे सारखा. या परिस्थितीत जीवाणूंमुळे बाजूची मुळं वाढली, एवढ्या दाव्याला 'शो' चालतो. मी तरी अडवणार नाही.

पण निबंधाला एवढ्यावर थांबायचं नसतं. लेखकाला म्हणायचं असतं की जीवाणू ऑक्सिन हे संप्रेरक बनवतो आणि त्यामुळेच मुळं फुटतात. त्यासाठी तुमच्याकडे काय आहे? जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्याच्या द्रावणात साल्कोव्स्की अभिकर्मक घातला आणि गुलाबी रंग आला. हा रंग ऑक्सिनचा असू शकतो, पण तो अभिकर्मक इंडोल गटातल्या इतर काही संयुगांनाही रंग देतो. शिवाय द्रावणात तुम्ही ट्रिप्टोफॅन घातलं होतं, म्हणजे ऑक्सिनचा कच्चा माल आयता पुरवला होता. मुळापाशी तेवढं ट्रिप्टोफॅन असेलच असं नाही. आणि हाच जीवाणू हवेतला नायट्रोजनही स्थिर करतो, म्हणजे मुळं वाढण्यामागे दुसरी कारणंही असू शकतात. दोन गोष्टी एकत्र दिसल्या आणि त्यांच्यातला दुवा शक्य आहे, इतकंच हातात आहे. इथे 'सजेस्ट'. याच्या वरचा कोणताही शब्द टाकला तर परीक्षक लाल शाई काढणार आणि ते योग्यच असेल.

पुढची पायरी: ऑक्सिन बनवण्याचं मुख्य जनुक बिघडवलेला जीवाणू घेतला. तो दिलेल्या रोपांत सरासरी १२.६ मुळं आली, म्हणजे परिणाम जवळजवळ गेला. आता दावा पुष्कळ भक्कम झाला, आणि 'इंडिकेट' शोभतो. 'शो' का नाही? जनुक बिघडवताना शेजारच्या जनुकालाही धक्का लागला असेल. बदललेला जीवाणू मुळावर नीट टिकतच नसेल. तसं असेल तर मुळं कमी आली ती जीवाणू कमी होते म्हणून, ऑक्सिन कमी होतं म्हणून नव्हे. मुळावरचे जीवाणू मोजले का, हा प्रश्न मी अशा प्रत्येक मसुद्यावर विचारतो, आणि अनेकदा त्याचं उत्तर मिळत नाही.

आता समजा मोजले. मूळ जीवाणू आणि बदललेला जीवाणू मुळावर सारख्याच संख्येने होते. मग तेच जनुक बदललेल्या जीवाणूत परत घातलं, तर मुळं १७.५ झाली. जीवाणू अजिबात न देता नुसतं शुद्ध ऑक्सिन योग्य मात्रेत दिलं, तर १६.९. परिणाम काढून घेता आला, परत आणता आला, आणि जीवाणूशिवाय घडवता आला. आता 'डेमॉन्स्ट्रेट' म्हणा, खुशाल म्हणा. तरी दाव्याच्या कक्षा सांभाळा: या जातीच्या रोपात, या वयात, या परिस्थितीत. आणि 'केवळ ऑक्सिनमुळे' असं लिहू नका. ते जनुक बिघडवलं तरी जीवाणू दुसऱ्या मार्गाने थोडं ऑक्सिन बनवत राहतो, आणि इतर कारणांचा थोडा वाटा असेल तर तो या प्रयोगांत वेगळा निघालेला नाही.

शिडीवर वर चढताना पहिल्या प्रयोगाचा पी-मूल्याचा आकडा कुठेच कामाला आला नाही, हे लक्षात घ्या. "पी ०.००१ पेक्षा कमी आहे, मग 'डेमॉन्स्ट्रेट' का नको?" असं विद्यार्थी हमखास विचारतात. दोन गटांतला फरक नुसता योगायोगाने पडला असता तर इतका मोठा दिसणं किती दुर्मीळ, एवढंच तो आकडा सांगतो. फरक कशामुळे पडला याबद्दल तो गप्प असतो. ११.४ आणि १८.२ मधला फरक कितीही पक्का असला तरी ऑक्सिनच्या दाव्याला त्याने बळ मिळत नाही.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. निष्कर्षाच्या वाक्यात क्रियापदं दोन असतात. एक सांगणारं, 'सजेस्ट' किंवा 'शो'. दुसरं दाव्याच्या पोटातलं: 'वाढवतो', 'कमी करतो', 'घडवून आणतो', नाही तर 'संबंधित आहे'. लोक पहिलं क्रियापद घासूनपुसून मऊ करतात आणि दुसरं तसंच कडक ठेवतात. समजा, निव्वळ पाहणीच्या अभ्यासात कमी झोपणाऱ्यांचा रक्तदाब जास्त आढळला. "निष्कर्ष सजेस्ट करतात की कमी झोपेमुळे रक्तदाब वाढतो" हे वाक्य नम्र दिसतं, पण कार्यकारणाचा दावा आत शिरलाच, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात तोच उरतो. त्याऐवजी "कमी झोप आणि जास्त रक्तदाब यांचा संबंध असल्याचं आम्ही दाखवतो" असं लिहा. सांगणारं क्रियापद ठाम आहे, दावा मोजका आहे, आणि वाक्य जास्त प्रामाणिक आहे. म्हणून मी आधी आतलं क्रियापद दुरुस्त करतो. ते पुराव्याच्या मापाचं झालं की बाहेर पुष्कळदा साधा 'शो' पुरतो आणि 'सजेस्ट'ची गरजच उरत नाही. वैद्यकीय नियतकालिकं याबाबत फार कडक आहेत. 'जामा'च्या लेखकांसाठीच्या सूचनांत तर परिणाम, गुणकारिता असे कार्यकारण सूचित करणारे शब्द यादृच्छिक चाचण्यांपुरतेच वापरायला सांगितलं आहे.

उलट टोकाला दुहेरी-तिहेरी सावधगिरी असते. 'मे सजेस्ट', 'सजेस्ट्स दॅट इट माइट पॉसिब्ली' असली वाक्यं. 'सजेस्ट'मध्ये शंका आधीच आहे. तिच्यावर आणखी शंका रचली की तुम्ही काय म्हणताय तेच कळत नाही. एका वाक्याला एकच सावध शब्द ठेवा. 'क्लिअरली इंडिकेट्स'मध्येही हीच गडबड, फक्त उलट दिशेने. पुरावा स्पष्ट असेल तर वरच्या पायरीचा शब्द घ्या, खालच्या शब्दाला क्रियाविशेषणाचा टेकू देऊ नका.

आता 'रिव्हील'. याचा अर्थ झाकलेलं उघड करणं. म्हणजे गोष्ट आधीपासून तिथे होती, दिसत नव्हती, आणि तुमच्या साधनाने ती दिसली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीभित्तीत भेग दिसली, जनुकक्रमात एक तुकडा गायब आढळला, क्ष-किरणाने आतली रचना दिसली, अशा ठिकाणी हा शब्द चपखल बसतो. गंमत म्हणजे तो ऐकायला 'डेमॉन्स्ट्रेट'पेक्षा हलका वाटतो, म्हणून लोक वैविध्यासाठी सैल हाताने टाकतात. पण वरची कसोटी लावून पाहा: "उघड झालं, पण तसं नसेलही" हे बसत नाही. म्हणजे 'रिव्हील'मध्ये पूर्ण हमी आहे, आणि वर ती गोष्ट साधनाने थेट दिसल्याचाही दावा आहे. म्हणून सांख्यिकी प्रतिमानातून काढलेल्या अनुमानाला तो लावू नका. मुलाखती आणि प्रश्नावल्यांमध्ये तर जपूनच. "मुलाखतींतून उघड झालं की कामगारांना पुरेशी विश्रांती मिळत नाही" असं लिहिलं की ते सत्य आहे याची ग्वाही तुम्ही दिलीत. तुमच्याकडे मात्र एवढंच आहे की कामगारांनी तसं सांगितलं. तिथे साधा 'रिपोर्टेड' लिहा.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक मात्र या पाच शब्दांपैकी कोणाची नाही. ती 'शो' आणि 'नाही' यांच्या जागेची आहे. "प्रयोगात फरक दिसला नाही" आणि "प्रयोगाने दाखवलं की फरक नाही" ही वाक्यं मराठीतही वेगळी आहेत, पण इंग्रजीत लिहिताना हात सहज 'शोड नो डिफरन्स'कडे वळतो. समजा, एका खताने रोपांची उंची सरासरी १.३ सेंटिमीटरने वाढली, आणि ९५ टक्के विश्वासांतर उणे ०.३ ते २.९ निघालं. शून्य त्या पट्ट्यात आहे, म्हणून फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नाही. पण २.९ सेंटिमीटरची वाढही त्याच पट्ट्यात बसते, आणि लहान रोपाला ती कमी नाही. अशा वेळी 'फरक नाही असं दाखवलं' हे चूक. 'फरक आढळला नाही' असं लिहा आणि विश्वासांतर शेजारी द्या. परिणाम नाहीच असं दाखवायचं असेल तर किती फरक नगण्य मानायचा ती मर्यादा प्रयोगाआधी ठरवावी लागते, आणि संपूर्ण पट्टा त्या मर्यादेच्या आत यावा लागतो.

खात्रीची ही शिडी दशकानुदशकं जाहीरपणे चढलेली बघायची असेल तर हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीचे, आयपीसीसीचे, अहवाल काढा. १९९५ सालच्या अहवालात लिहिलं होतं की पुराव्याचा तोल जागतिक हवामानावर मानवी प्रभाव जाणवत असल्याचं 'सजेस्ट' करतो. त्या एका वाक्यातल्या शब्दांवर माद्रिदच्या बैठकीत मोठा खल झाला होता. २००१ मध्ये गेल्या ५० वर्षांतल्या बहुतांश तापमानवाढीसाठी 'लाइकली' आलं, म्हणजे त्यांच्या व्याख्येनुसार ६६ टक्क्यांहून अधिक शक्यता. २००७ मध्ये 'व्हेरी लाइकली', ९० टक्क्यांहून अधिक. २०१३ मध्ये 'एक्स्ट्रीमली लाइकली', ९५ टक्क्यांहून अधिक. आणि २०२१ मध्ये मानवी प्रभावाने वातावरण, समुद्र आणि जमीन तापली हे निःसंदिग्ध असल्याचं लिहिलं. मोजमापं आणि प्रतिमानं जशी भक्कम होत गेली तसा शब्द वर सरकला. १९९५ मध्ये 'सजेस्ट' लिहिणाऱ्यांना कोणी भित्रे म्हणू नये. त्या दिवशी हातात असलेल्या पुराव्याला तोच शब्द पेलत होता.

'सजेस्ट' लिहिलं की निबंध कमजोर दिसेल ही भीती तुमच्याही मनात असेल. १९५३ मध्ये 'नेचर'मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली, त्या लेखाच्या पहिल्याच वाक्यात आपण एक रचना 'सजेस्ट' करू इच्छितो असं म्हटलं आहे. लेखाच्या शेवटाकडे जोड्यांच्या त्या मांडणीवरून प्रत तयार होण्याची शक्य रीत सुचते असं ते म्हणतात, तिथेही क्रियापद 'सजेस्ट'च. रचनेसाठी त्यांच्याकडे प्रतिमान होतं आणि इतरांची क्ष-किरण चित्रं होती. प्रत कशी तयार होते यावर प्रयोग अजून व्हायचा होता. तो मेसेल्सन आणि स्टाल यांनी केला, आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

एक काम मसुदा पाठवायच्या आदल्या दिवशी करा. तुमचा मुख्य निष्कर्ष निबंधात चार ठिकाणी येतो: शीर्षक, सारांश, चर्चा आणि समारोप. ती चार वाक्यं एका कोऱ्या पानावर एकाखाली एक उतरवा. माझ्याकडे आलेल्या एका मसुद्यात चर्चेत 'सजेस्ट' होतं, समारोपात 'शो', सारांशात 'डेमॉन्स्ट्रेट', आणि शीर्षकात तर क्रियापदच गळून नुसतं ठाम विधान उरलं होतं. लेखकाने फसवायचं ठरवलेलं नव्हतं. जागा कमी पडली तशी सावधगिरी कापली गेली, इतकंच. पण बहुतेक वाचक शीर्षक आणि सारांश एवढंच वाचतात आणि पुढे तेच उद्धृत करतात. चारही ठिकाणी पायरी एकच ठेवा, आणि ती चर्चेतली ठेवा, कारण पुरावा समोर ठेवून शब्द निवडला गेला तो तिथेच.

हीच तपासणी तुम्ही उद्धृत केलेल्या निबंधांसाठीही करा. ज्याला तुम्ही 'डेमॉन्स्ट्रेटेड' म्हणताय त्याचा मूळ निबंध उघडून त्या लेखकांनी स्वतः कोणतं क्रियापद वापरलं ते पाहा. त्यांनी 'सजेस्ट' म्हटलं असेल तर तुम्हीही 'सजेस्टेड'च लिहा.